लेझर की लेन्स? आधी मायक्रॉनचा हिशेब

लग्नाचं स्थळ पाहायला सुरुवात झाली, कॉलेजचं शेवटचं वर्ष संपलं किंवा सरकारी भरतीची जाहिरात निघाली, की सोलापुरातल्या नेत्रतज्ज्ञांकडे एक प्रश्न हमखास येतो. ‘डॉक्टर, चष्म्याचा नंबर घालवायचाय. लेझर करू की आत लेन्स बसवू?’ प्रश्न असा विचारला जातो, जणू दुकानात दोन वस्तू मांडल्या आहेत आणि खिशाला परवडेल ती उचलायची आहे. प्रत्यक्षात ही निवड बरीचशी डोळ्यानेच आधी करून ठेवलेली असते. तपासणीचं काम ती निवड वाचण्याचं. काही वेळा उत्तर ‘लेझर’ येतं, काही वेळा ‘लेन्स’ आणि काही वेळा ‘दोन्ही नको, चष्माच बरा’. हे तिसरं उत्तर ऐकायला कोणी आलेलं नसतं, म्हणून ते कसं निघतं हे समजून घेणं जास्त गरजेचं आहे.

मायनस नंबर म्हणजे काय, इथून सुरुवात करू. डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. प्रकाश वळवून आत नेण्याचं दोन तृतीयांश काम हा पडदा करतो आणि उरलेलं काम बाहुलीमागचं नैसर्गिक भिंग करतं. मायनस नंबरच्या माणसाचा डोळा बहुधा नेहमीपेक्षा थोडा लांब असतो. त्यामुळे प्रतिमा मागच्या दृष्टिपटलावर न पडता त्याच्या थोडी पुढेच तयार होते आणि लांबचं धूसर दिसतं. चष्म्याची मायनस काच ती प्रतिमा मागे ढकलते.

चष्म्याशिवाय हेच काम करायचे दोन रस्ते आहेत. लेझरमध्ये पारपटलाचा मधला भाग घासून किंचित सपाट केला जातो. लेन्समध्ये पारपटलाला तसंच ठेवून बुबुळाच्या रंगीत पडद्यामागे, नैसर्गिक भिंगाच्या पुढे, एक पातळ मऊ भिंग सरकवलं जातं. पहिल्यात डोळ्यातून काहीतरी कायमचं काढलं जातं, दुसऱ्यात काहीतरी ठेवलं जातं. पुढचे सगळे फायदे-तोटे या एका फरकातून येतात.

नागपूरजवळचा एक आकडा

पारपटलाची मधली जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. ती मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत सरासरी जाडी ५४० मायक्रॉनच्या आसपास दिलेली असते. आपल्याकडचा एक आकडा मात्र वेगळा आहे. नागपूर परिसरातल्या खेड्यांमध्ये २००६ ते २००८ या काळात ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ हे मोठं सर्वेक्षण झालं. तिशीवरच्या चार हजार सातशेहून अधिक ग्रामस्थांचे डोळे त्यात तपासले गेले. त्यांच्या पारपटलाची सरासरी जाडी भरली ५१४ मायक्रॉन.

२५-३० मायक्रॉनचा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो. केसाची जाडीही त्याहून जास्त असते. पण लेझरच्या हिशेबात एवढ्या जाडीत जवळपास दोन नंबर बसतात. शेजारच्या देशातल्या किंवा अमेरिकेतल्या नातेवाइकाचा सहा-सात नंबर लेझरने गेला, म्हणून आपलाही जाईल, असं गृहीत धरता येत नाही ते यामुळेच.

त्याच सर्वेक्षणात आणखी एक गोष्ट दिसली. पारपटलाची वक्रता ४८ डायॉप्टर किंवा त्याहून जास्त असणं हा निकष लावला, तर सुमारे २.३ टक्के लोकांमध्ये शंकूसारख्या पुढे आलेल्या पारपटलाची, म्हणजे केराटोकोनसची शंका घेण्यासारखी स्थिती होती. निकष बदलला तर हा आकडाही बदलेल. तरी आपल्या भागात हा आजार दुर्मीळ समजून चालणार नाही, एवढं त्यातून कळतं.

एका घरातली दोन भावंडं

हिशेब कसा चालतो ते एका कल्पित उदाहरणातून पाहू. सोलापुरातल्या एका घरातली बहीण-भाऊ तपासणीला आली आहेत. बहीण २४ वर्षांची, तिचा नंबर उणे साडेसात. भाऊ २२ वर्षांचा, त्याचा नंबर उणे तीन. दोघांचाही नंबर गेलं वर्षभर बदललेला नाही, आणि ही पहिली अट आहे. ज्याचा नंबर अजून वाढतोय त्याने थांबायचं. गर्भारपण आणि स्तनपानाच्या काळातही थांबायचं, कारण त्या काळात नंबर हलतो. दोघंही कॉन्टॅक्ट लेन्स वापरतात, म्हणून मोजणीआधी मऊ लेन्स दोन आठवडे बंद ठेवायला सांगितलं गेलं. लेन्सच्या दाबाने पारपटलाचा आकार तात्पुरता बदलतो आणि मोजमाप खोटं येतं. कडक लेन्स असत्या तर महिनाभर थांबावं लागलं असतं.

बहिणीच्या पारपटलाची जाडी ५०२ मायक्रॉन भरली. लॅसिकमध्ये आधी वरचा पातळ पापुद्रा उचलतात. तो धरू ११० मायक्रॉनचा. मग त्याखालचा थर लेझरने घासतात. साडेसहा मिलिमीटर रुंदीचा भाग घासायचा, तर एक नंबर घालवायला साधारण १४ मायक्रॉन जातात. साडेसात नंबरासाठी १०५ मायक्रॉन. पापुद्रा आणि घासलेला भाग मिळून २१५ मायक्रॉन झाले. खाली उरले २८७.

पापुद्रा तर परत जागेवर बसवतात, मग तो का वजा करायचा, असा प्रश्न इथे पडतो. तो परत बसतो, वरून जखम दिसतही नाही. पण एकदा कापलेले तंतू पूर्वीसारखे सांधले जात नाहीत. डोळ्याच्या आतला दाब पारपटलाला सतत बाहेर ढकलत असतो आणि तो पेलण्याचं काम पुढे फक्त खालचा न कापलेला थर करतो. म्हणून तो थर किती उरला हे महत्त्वाचं.

जुना नियम सांगतो, खाली किमान २५० मायक्रॉन उरले पाहिजेत. आजकाल बरेच डॉक्टर २८० ते ३०० धरतात. जुन्या नियमाने बहीण पास होते. पण आणखी एक कसोटी आहे: मूळ जाडीच्या किती टक्के भागाला हात लागला? ५०२ पैकी २१५ म्हणजे सुमारे ४३ टक्के. हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर गेलं की पुढे पारपटल कमकुवत होण्याचा धोका वाढतो, असं मानलं जातं. ही काही दगडावरची रेघ नाही, आणि ३९ टक्क्यांना सुरक्षित अन् ४१ ला असुरक्षित असं शरीर वागत नाही. पण २४ वर्षांच्या मुलीचा डोळा अजून पन्नास-साठ वर्षं टिकायचा आहे. पुढे थोडा नंबर परत आला तर पुन्हा घासायला तिच्याकडे शिल्लकच नाही. शहाणा डॉक्टर इथे लॅसिकला नाही म्हणतो.

‘मग पापुद्रा न उचलता करणारं नवं लेझर करा,’ असा पुढचा आग्रह असतो. स्माइल पद्धतीत पापुद्रा उचलत नाहीत, छोट्या छेदातून आतला चकतीसारखा तुकडा काढून घेतात. पण तुकडा निघतोच, जाडी कमी होतेच. पीआरके पद्धतीत पापुद्रा नसतो, वरूनच घासतात, त्यामुळे ते मायक्रॉन वाचतात. कमी नंबर आणि पातळ पण निरोगी पारपटल असेल तर ती चांगली सोय आहे. मोठ्या नंबराला मात्र भरून येताना पारपटलावर धूसर डाग धरण्याची भीती राहते.

आता भाऊ. जाडी ५१० मायक्रॉन, नंबर तीन. घासायचे ४२, पापुद्रा ११०, एकूण १५२. खाली उरतात ३५८ मायक्रॉन, हात लागतो ३० टक्क्यांना. कागदावर तर हा लेझरसाठी आदर्श उमेदवार. पण जाडीची तपासणी इथे संपत नाही. पारपटलाचा पुढचा आणि मागचा नकाशा काढणारं यंत्र असतं. टोपोग्राफी किंवा पेंटाकॅम ही नावं रुग्णांच्या कानावर आलेली असतात. भावाच्या नकाशात खालचा भाग वरच्यापेक्षा जास्त उभार दिसतो. मागच्या पृष्ठभागाचाही त्याच जागी थोडा फुगवटा आहे. सर्वांत पातळ बिंदू मध्यावर नसून खाली सरकलेला आहे. विचारल्यावर आई सांगते, ‘लहानपणापासून उन्हाळा आला की याचे डोळे खाजतात, सारखा चोळत असतो.’

ही केराटोकोनसची पहिली पायरी असू शकते. चष्मा लावून त्याला अजून स्वच्छ दिसतं, त्रास काहीच नाही, म्हणून साध्या तपासणीत ती कळलीच नसती. अशा पारपटलावर लेझर मारणं म्हणजे आधीच तडा गेलेल्या भिंतीचं प्लास्टर खरवडणं. जाडी भरपूर असूनही भावाला लेझर नाही. सोलापूरसारख्या कोरड्या, उन्हाच्या आणि धुळीच्या गावात डोळ्यांची ॲलर्जी भरपूर असते. त्यात घरात यंत्रमागाचा व्यवसाय असेल तर सुताचे तंतू वेगळेच. डोळे चोळण्याची सवय हा म्हणूनच इथल्या प्रत्येक उमेदवाराला विचारण्याचा प्रश्न आहे, आणि रुग्णानेही तो लपवू नये.

चुकलं तर काय होतं

कमकुवत पारपटलावर लेझर झालं, तर त्रास दुसऱ्या दिवशी दिसत नाही. सुरुवातीला सगळे खूश असतात. मग काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, पारपटल आतल्या दाबाने हळूहळू पुढे येऊ लागतं. याला एक्टेशिया म्हणतात. लॅसिकनंतरच्या या बिघाडाचं वर्णन जर्मन नेत्रतज्ज्ञ थिओ झायलर यांनी १९९८ मध्ये केलं. त्यानंतरच जगभर उमेदवार निवडण्याचे नियम कडक झाले.

तो ओळखायचा कसा? गेलेला नंबर परत येतो आणि वाढत राहतो. तिरका नंबर, म्हणजे सिलिंडर, विशेष वाढतो. एका दिव्याभोवती सावली किंवा दुहेरी प्रतिमा दिसते आणि नवा चष्मा लावूनही अक्षरं पूर्वीसारखी स्पष्ट होत नाहीत. असं झालं तर ‘वय झालं, नंबर आला’ म्हणून चष्म्याच्या दुकानातून नवी काच आणू नये. नकाशा पुन्हा काढावा. वेळेत कळलं तर जीवनसत्त्व बी-२ चे थेंब आणि अतिनील प्रकाश वापरून पारपटल कडक करतात. त्याला क्रॉसलिंकिंग म्हणतात. त्याने वाढ थांबवता येते, पण बिघडलेला आकार बहुतांशी तसाच राहतो. पुढे कडक कॉन्टॅक्ट लेन्स लागतात आणि अगदी शेवटी पारपटल बदलण्याची वेळ येते.

लेन्सचीही स्वतःची मोजणी आहे

बहिणीला लेझर नाही म्हटल्यावर लेन्सचा विचार सुरू होतो. आयसीएल या नावाने ती ओळखली जाते. इथे पारपटलाच्या जाडीला महत्त्व राहत नाही, डोळ्यातल्या जागेला येतं. पारपटल आणि नैसर्गिक भिंग यांमधली पोकळी साधारण ३ मिलिमीटर खोल हवी. काही डॉक्टर २.८ पर्यंत स्वीकारतात. त्याहून उथळ डोळ्यात लेन्स दाटीवाटीने बसते.

दुसरी मोजणी पारपटलाच्या आतल्या अस्तरातल्या पेशींची. या पेशी पारपटलातलं पाणी उपसून ते पारदर्शक ठेवतात. मेलेल्या पेशीच्या जागी नवी येत नाही. शस्त्रक्रियेत काही पेशी जातात, पुढेही थोड्या जात राहतात. म्हणून तरुण वयात त्या भरपूर असायला हव्यात. आयुष्यभर त्यांवरच भागवायचं असतं.

तिसरी मोजणी लेन्सच्या मापाची. चपलेसारखी तीही मोजक्या मापांत येते आणि डोळ्याची आडवी रुंदी मोजून माप ठरवतात. बसवल्यावर लेन्स आणि नैसर्गिक भिंग यांच्यात साधारण पाव ते पाऊण मिलिमीटर अंतर राहिलं पाहिजे. माप लहान झालं तर लेन्स भिंगाला टेकते आणि तरुण वयात मोतीबिंदू होऊ शकतो. मोठं झालं तर ती बुबुळाला पुढे ढकलते, पाणी वाहून जाण्याचा कोपरा अरुंद होतो आणि डोळ्याचा दाब वाढतो. असं झालं तर लेन्स काढून दुसऱ्या मापाची बसवावी लागते. ती काढता येते, हा लेझरच्या तुलनेत मोठा फायदा. पण ‘काढता येते’ म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया, हेही लक्षात ठेवावं.

लेन्स साधारण ३ मिलिमीटरच्या छेदातून घडी करून आत जाते आणि आत उलगडते. आताच्या लेन्सच्या मध्यावर बारीक छिद्र असतं, ज्यातून डोळ्यातलं पाणी वाहतं. पूर्वी त्यासाठी बुबुळाला वेगळं छिद्र पाडावं लागे. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही तासांत दाब मोजणं आवश्यक असतं. त्या रात्री डोकं किंवा डोळा जोरात दुखला, उलटी झाली, नजर धूसर झाली, तर सकाळची वाट पाहायची नाही. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर दृष्टीवर बेततो. लेझरमध्ये डोळ्याच्या आत शिरत नाहीत, त्यामुळे हा धोका तिथे फारच कमी. लेन्स लेझरपेक्षा बरीच महागही पडते.

बहिणीची पोकळी ३.२ मिलिमीटर भरली, पेशी वयाला साजेशा भरपूर निघाल्या. बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासलं, तेही ठीक होतं. ती लेन्ससाठी योग्य उमेदवार ठरली. भावाला मात्र घाई नाही. ॲलर्जीचं औषध, डोळे चोळणं बंद, चष्मा सुरू आणि दर सहा महिन्यांनी नकाशा. नकाशा बदलत गेला तर क्रॉसलिंकिंग. एका घरातून आलेली दोघं, कमी नंबरचा चष्म्यासह परतला आणि जास्त नंबरची चष्म्यातून सुटली.

कशाची अपेक्षा ठेवावी

योग्य निवड झाली तर दोन्ही पद्धतींनी बहुतेकांना दिवसाची कामं, गाडी चालवणं, टीव्ही पाहणं चष्म्याशिवाय जमतं. पण लहानसा नंबर उरू शकतो. रात्री समोरच्या दिव्याभोवती वलय दिसणं, दिवा फाकणं हे दोन्हींत होतं. छिद्राच्या लेन्समध्ये सुरुवातीला प्रकाशाची बारीक कडी दिसते. बहुतेकांना काही महिन्यांत तिची सवय होते. अमेरिकेतल्या औषध प्रशासनाने लॅसिकच्या रुग्णांवर केलेल्या ‘प्राउल’ अभ्यासात, आधी अशी कोणतीही तक्रार नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी एखादी तरी नवी तक्रार जाणवली. रोजची कामं अवघड होण्याइतका त्रास एक टक्क्याहूनही कमी लोकांना झाला. दोन्ही आकडे एकत्र वाचावेत. रात्री पुणे महामार्गावर गाडी चालवणाऱ्या माणसाने तर नक्कीच.

त्याच अभ्यासात, आधी डोळे कोरडे नसलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना लॅसिकनंतर कोरडेपणा जाणवला. पापुद्रा उचलताना पारपटलाच्या नाजूक नसा कापल्या जातात, म्हणून हे होतं. चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या सोलापुरी उन्हाळ्यात तो जास्त टोचतो. ज्यांचे डोळे आधीच कोरडे आहेत त्यांनी पापणीत कागदाची पट्टी ठेवून पाच मिनिटांची अश्रूंची तपासणी आधी करून घ्यावी.

दोन गोष्टी कोणतीच शस्त्रक्रिया बदलत नाही. चाळिशीचा चष्मा येणारच, कारण तो नैसर्गिक भिंग ताठर झाल्याने येतो. ४२ वर्षांच्या माणसाने मायनस नंबर घालवला, तर पूर्वी चष्मा काढून वाचता येणारं वर्तमानपत्र त्याला आता चष्मा लावून वाचावं लागेल. आणि लांब झालेला डोळा लांबच राहतो. त्याचं दृष्टिपटल ताणलेलं असतं आणि ते फाटण्याचा धोका कायम असतो. नंबर गेला तरी अचानक ठिणग्या चमकल्या, काळे ठिपके वाढले किंवा पडदा पडल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

नोकरीसाठी शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी आधी त्या पदाचे वैद्यकीय नियम वाचावेत. रेल्वेत असिस्टंट लोको पायलटसाठी लॅसिक झालेला उमेदवार अपात्र ठरतो. सोलापूर हे रेल्वेचं विभागीय ठिकाण, त्यामुळे इथल्या मुलांना हे माहीत असायलाच हवं. नोकरीसाठी केलेली शस्त्रक्रियाच नोकरीच्या आड येऊ शकते.

शेवटी कागदांबद्दल. शस्त्रक्रियेआधीचा नंबर, पारपटलाची जाडी, वक्रता आणि नकाशा यांची प्रत मागून घ्यावी आणि घराच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवावी. लेझरनंतर पातळ झालेल्या पारपटलावर डोळ्याचा दाब खऱ्यापेक्षा कमी मोजला जातो. जुनी जाडी माहीत नसेल तर काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. साठीत मोतीबिंदू होईल तेव्हा आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना हेच जुने आकडे उपयोगी पडतात. लेन्स बसवलेल्यांनी दरवर्षी पेशींची मोजणी, दाब आणि लेन्सचं अंतर तपासून त्याच फायलीत लावत जावं. ही फाईल मागितल्यावर जिथे ती द्यायला टाळाटाळ होते, तिथे डोळा द्यायच्या आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं.